निरोप समारंभात अव्वल कारकुनाने चार मिनिटे काय बोलावे?

प्रश्न: मी तहसील कार्यालयात कारकून म्हणून लागलो आणि येत्या ३१ मे रोजी अव्वल कारकून म्हणून निवृत्त होतोय. निरोप समारंभात चार-पाच मिनिटे बोलावे लागेल. मला बढाई मारायची नाही आणि कुठे कुठे नोकरी केली ती यादीही वाचायची नाही. मग बोलू काय? एखादा नमुना द्याल का?

उत्तर:

यादी वाचायची नाही हे तुम्ही ठरवलंत ते बरंच केलंत, कारण ती तुमच्या आधीच वाचून झालेली असते. कार्यक्रमाचा क्रम आठवा. प्रास्ताविक होतं, मग सूत्रसंचालक सत्कारमूर्तींचा परिचय करून देतो. हा परिचय आस्थापना शाखेतल्या कोणीतरी तुमच्या सेवापुस्तकावरूनच लिहून दिलेला असतो: अमुक साली रुजू, अमुक ठिकाणी बदली, अमुक साली पदोन्नती. त्यानंतर दोन-तीन सहकारी बोलतात, संघटनेचे पदाधिकारी बोलतात, आणि प्रत्येक जण "मी आणि भाऊसाहेब अमुक तालुक्याला एकत्र होतो" इथूनच सुरुवात करतो. मग शाल-श्रीफळ, आणि त्यानंतर तुमचं मनोगत. तुमच्या पाठीमागे फक्त अध्यक्षीय भाषण आणि आभार उरतात. तोवर लोकांनी तुमच्या बदल्या तीनदा ऐकलेल्या असतात आणि मागच्या रांगेत नाश्त्याच्या प्लेटा वाजायला लागलेल्या असतात. म्हणून परिचयाचा कागद तुम्हीच नीट तपासून सूत्रसंचालकाच्या हातात द्या, तारखा बरोबर असू द्या, आणि तो विषय तिथेच संपवा.

मी आस्थापनेवर असताना आणि नंतरही असे बरेच कार्यक्रम लावले, कितीतरी जणांना मनोगत लिहायला मदत केली. महसूल खात्यातली माणसं रोज टिपण्या लिहितात, पण स्वतःवर चार ओळी लिहायच्या म्हटल्या की त्यांची लेखणी अडते. मग जे येतं ते दोन प्रकारांतलं. एक तर बदल्यांची जंत्री, नाही तर "मी काहीच केलं नाही, सगळं वरिष्ठांच्या मार्गदर्शनामुळे झालं." हा दुसरा प्रकार नम्र वाटतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय तो खराही नसतो. इतकी वर्षं रोज सकाळी येऊन टेबलावर बसलेल्या माणसाने काहीच केलं नाही असं कसं होईल? जेवढं काम केलं तेवढंच, त्याच मापाचं सांगावं. कारकून निर्णय घेत नाही. तो कागद शोधतो, टिपणी ठेवतो, फाईल वर पाठवतो, परत आली की जावक करतो. हे एवढंच, पण नेमकं सांगितलं की बढाईही होत नाही आणि खोटा विनयही होत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण नुसत्या सूचनांनी भाषण लिहून होत नाही. माझ्या ओळखीचे एक अव्वल कारकून होते. शेवटची बरीच वर्षं त्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात काढली. मनोगत म्हणून त्यांनी अडीच पानं लिहून आणली होती आणि त्यातली दोन पानं बदल्यांचीच. मी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "रेकॉर्डमधला असा कोणता कप्पा आहे जो तुम्हाला लाईट गेली तरी सापडेल?" ते पटकन म्हणाले, "पश्चिमेच्या खिडकीजवळचा. तिथे पावसाचं पाणी येतं." दुसरा प्रश्न विचारला, "कुणाचा कागद डोक्यातून जात नाही?" त्यावर थोडा वेळ "काही विशेष नाही हो" असं चाललं, आणि मग एका म्हाताऱ्याची गोष्ट निघाली. तिसरा प्रश्न होता, "घरच्यांनी तुमच्या नोकरीसाठी काय केलं, पण 'खंबीर साथ दिली' हे शब्द न वापरता सांगा." त्यावर डब्यातल्या पोळ्यांचा विषय आला. भाषण तिथेच तयार झालं, उरलं फक्त उतरवणं.

त्यांची संमती आहे म्हणून ते इथे देतो. नावं आणि ओळखीच्या खुणा काढल्या आहेत. सावकाश वाचलं तर चार मिनिटांत बसतं, कारण सभागृहात माणूस मिनिटाला साधारण शंभरच्या आसपासच शब्द बोलतो, आणि मध्ये कोणी हसलं तर थांबावंही लागतं.

"अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सगळे सहकारी आणि समोर बसलेली माझ्या घरची मंडळी,

आत्ता माझ्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते आमच्या शिपाईमामांना विचारा. इतकी वर्षं माझ्या टेबलासमोर तेच बसलेत.

माझी नेमणूक रेकॉर्डला झाली तेव्हा मला वाटलं, आपल्याला बाजूला टाकलं. चार्ज देताना आधीचे भाऊसाहेब एवढंच म्हणाले, 'अभिलेख आढळून येत नाही, असं लिहायच्या आधी एकदा स्वतः शिडीवर चढायचं.' मी हो म्हटलं आणि विसरलो.

त्यानंतर वाडीवरचे एक आजोबा आले. त्यांना वडिलांच्या नावाच्या एका जुन्या फेरफाराची नक्कल हवी होती. त्यांच्या गावाचा गठ्ठा सोडून बघितला, नोंद नव्हती. मी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आले आणि काही न बोलता बाकावर बसून राहिले, तेव्हा मला ते शिडीचं वाक्य आठवलं. आजोबांना विचारलं, तुमचं गाव आधीपासून वेगळंच होतं का? ते म्हणाले, छे, आम्ही आधी शेजारच्या गावात होतो. मग वही शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात सापडली. पानाच्या कडा हातात येत होत्या, पण नोंद शाबूत होती. नक्कल लिहिली, ताडून बघितली, सही-शिक्का झाला. आजोबांनी ती घडी करून टोपीत ठेवली आणि विचारलं, 'पाचची गाडी गेली का हो?' मी खिडकीतून बघितलं तर ते स्टँडकडे धावत निघाले होते.

मी निर्णय कधी केले नाहीत, ते साहेबांचं काम. माझं काम कागद शोधायचं आणि पुढे ठेवायचं. बहुतेक वेळा ते वेळेत झालं. ज्यांचं झालं नाही आणि ज्यांना माझ्यामुळे हेलपाटे पडले, ते आज इथे नाहीत. त्यांची माफी इथूनच मागतो.

आमच्या मंडळींनी माझ्या डब्यात नेहमी दोन पोळ्या जास्त दिल्या. मामा डबा आणत नाहीत हे तिला माझ्याआधी कळलं होतं. मार्चअखेरीला आणि निवडणुकीत मी घरी कधी पोचेन हे मलाच ठाऊक नसायचं. शेवटी तिने विचारायचंच सोडून दिलं. उद्यापासून विचारलं तर सांगता येईल.

चार्ज यादी दिली आहे, दोघांच्या सह्या झाल्या आहेत. यादीत बसत नाही असं एक इथे सांगतो. पश्चिमेच्या खिडकीजवळचा रॅक, खालून दुसरा कप्पा. पहिल्या मोठ्या पावसात तिथे पाणी येतं. त्यातले गठ्ठे याच आठवड्यात वर घ्या. आणि शिडीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा ठेवत जा. धन्यवाद."

हे भाषण मी समोर बसून ऐकलं. पाण्याच्या कप्प्यापाशी सगळे हसले, आणि नवीन कारकुनाने खरंच खिशातून कागद काढून लिहून घेतलं.

यात काय केलं आहे ते आता बघा, म्हणजे तुम्हाला तुमचं लिहिता येईल. म्हाताऱ्याच्या गोष्टीत कामाची एक खरी खाचखोच आहे. गावाचं किंवा तालुक्याचं विभाजन झालं की जुन्या वह्या पुष्कळदा मूळ गावाच्याच गठ्ठ्यात राहतात. नवीन गावाच्या नावाने शोधणाऱ्याला त्या मिळत नाहीत, आणि अर्जावर "आढळून येत नाही" असा शेरा पडून प्रकरण बंद होतं. महसुलात काम केलेला प्रत्येक जण हे ऐकून मान डोलावतो, आणि बाहेरच्या माणसालाही ते सहज कळतं. "मी प्रामाणिकपणे सेवा केली" हे वाक्य यात कुठेच नाही. ते ज्याचं त्याने ताडायचं.

तुमची शाखा वेगळी असेल तर तुमची खाचखोचही वेगळी असेल. आवक-जावकला बसलेल्याला टपालावर हात फिरवूनच कळतं की यातलं कोणतं पाकीट आज साहेबांपुढे गेलं पाहिजे. संजय गांधी योजनेच्या टेबलावर बसलेल्याला हयातीच्या दाखल्याच्या दिवसांतली रांग आठवते. पुरवठ्याला असलेल्याला शिधापत्रिकेत सुनेचं नाव चढवायला आलेली सासू आठवते. त्यातला एकच प्रसंग घ्या. दोन घेतलेत की दुसरा पहिल्याला खाऊन टाकतो, आणि तीन घेतलेत की पुन्हा यादी झाली. प्रसंग निवडताना बघायचं ते एवढंच की त्यात तुमच्या हाताने काही केलेलं असावं: शिडी चढलात, वही उलटलीत, फोन केलात, दुसऱ्या टेबलावर चालत गेलात. "एका गरिबाचं काम झालं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं" असे प्रसंग टाळा. त्यात काम दिसत नाही, फक्त तुमची थोरवी दिसते. त्या आजोबांनी आभार मानले नाहीत आणि गाडी विचारली, म्हणूनच ती गोष्ट खरी वाटते.

इथे एक सावधगिरीचा मुद्दा, आणि तो मी प्रत्येकाला सांगतो. भावनेच्या भरात पुष्कळ जण अशी गोष्ट सांगतात की साहेब रजेवर होते, पण पोराचा प्रवेश अडला होता म्हणून मी दाखला देऊन टाकला. सांगणाऱ्याला ती दया वाटते, पण व्यासपीठावर बसलेल्या अधिकाऱ्याला तो नियमभंगाचा कबुलीजबाब ऐकू येतो. निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधला नियम २७ तुम्ही आस्थापनेत कधीतरी वाचला असेलच: निवृत्तीनंतरही, शासनाच्या मंजुरीने, चौकशी सुरू होण्याआधीच्या चार वर्षांतल्या घटनेबद्दल विभागीय चौकशी लावता येते. कोणी तुमच्या भाषणावरून चौकशी लावेल असं मी म्हणत नाही. पण मोबाइलवर चित्रीकरण चालू असतं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर फिरतं. प्रसंग असा निवडा की जो नियमात बसूनही माणुसकीचा आहे. असे प्रसंग असतात, थोडं आठवावं लागतं एवढंच. अर्जदाराचं नाव, गाव, गट क्रमांक मात्र सांगू नका. ती त्याची खासगी बाब आहे.

तसंच रखडलेली वेतननिश्चिती, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ उशिरा मिळाला, गोपनीय अहवालात कोणी काय लिहिलं, हे सगळं मनात कितीही सलत असलं तरी या चार मिनिटांत आणू नका. पेन्शनचं प्रकरण महालेखापालांकडे जायच्या आधीच अडकलं असेल तर त्यावर विनोदही नको, कारण ज्याच्या टेबलावर ते अडकलं तो समोरच बसलेला असतो. त्याच्याशी नंतर चहा घेत बोला, काम लवकर होईल. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सगळ्या अभिलेख कक्षांत रात्रंदिवस गठ्ठे उलटले गेले. तुम्ही त्या कामात असाल तर बोलायचा मोह होईल. माझं मत असं की धुळीबद्दल आणि मोडी वाचणाऱ्यांच्या चिकाटीबद्दल एखादं वाक्य बोला आणि पुढे जा. सभागृहात दोन्ही मतांची माणसं असतात, आणि निरोपाच्या दिवशी त्यांना एकमेकांकडे बघायला लावू नये.

आता क्रमाबद्दल. घरच्यांचा परिच्छेद मी मुद्दाम शेवटून दुसरा ठेवला आहे. पत्नीचं किंवा आईचं नाव आलं की गळा दाटतो, बहुतेकांचं असंच होतं. तो भाग अगदी शेवटी ठेवलात तर भाषण हुंदक्यात अडकतं, सूत्रसंचालक घाईघाईने माइक घेतो आणि धन्यवाद म्हणायचं राहून जातं. त्यानंतर एखादी कोरडी, कामाची गोष्ट असली की आवाज आपोआप ताळ्यावर येतो. चार्ज देताना तोंडी सांगायची राहिलेली सूचना यासाठी फार उपयोगी पडते. प्रत्येक टेबलावर अशी काहीतरी असतेच: शिक्क्याची शाई कोणत्या दुकानातली टिकते, कोणतं कपाट किल्लीशिवाय उघडतं (हे मात्र जाहीर सांगू नका), कोणत्या गावचे कोतवाल फोन उचलत नाहीत पण निरोप नक्की पोचवतात.

सुरुवातीच्या संबोधनात मात्र फार वेळ जातो. प्रत्येक मान्यवराचं नाव, पद घेत गेलात तर चारातलं दीड मिनिट तिथेच संपतं, आणि एखादं नाव राहिलं तर तो रुसवा वेगळा. सूत्रसंचालकाने सगळी नावं घेतलेलीच असतात. अध्यक्ष, मान्यवर, सहकारी, घरचे, एवढं पुरे. एखाद्याचं नाव घ्यायचंच असेल तर ते शिपायाचं घ्या. बाकी सगळ्यांची नावं त्या दिवशी कोणी ना कोणी घेतंच, त्याचं बहुधा कोणी घेत नाही.

कागद सोबत असू द्या, पाठ करू नका. अक्षर मोठं, ओळींत अंतर, एका बाजूलाच छापलेलं. फाईलच्या पुठ्ठ्यावर लावलात तर हात थरथरला तरी दिसत नाही. हार आणि शाल आधी काढून खुर्चीवर ठेवा. हाराची पाकळी चष्म्यात जाते, शाल माइकला घासते, आणि मागे बसलेल्यांना खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. घरी एकदा मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमीच कमी वेळाचं वाटतं.

आता राहिली तुमच्या तारखेची गोष्ट. तुमची जन्मतारीख १ जून असावी, नाही का? शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची तारीख १ जून लावून टाकली असे आपल्या खात्यात ढिगाने आहेत. एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी कार्यालयाकार्यालयांतून निरोपांची रांग लागते. तुमच्या तालुक्यात त्या दिवशी पाच-सहा जण असतील, तर सगळ्यांचा एकत्र कार्यक्रम होईल आणि प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतील. ३१ तारीख रविवारी आली तर तो शुक्रवारीच उरकतील, कारण कार्यालयाला पाच दिवसांचा आठवडा आहे. किती जण आहेत ते आजच आस्थापनेत विचारून घ्या आणि दोन मिनिटांचाही एक मसुदा तयार ठेवा. वरचं भाषण कापायचं झालं तर माफीचा आणि घरच्यांचा परिच्छेद एकेका वाक्यावर आणा, आजोबांना दोनदा परत पाठवल्याचं ठेवून मधला संवाद गाळा. पावसाचा कप्पा आणि शिडी मात्र राहू द्या. तुमच्या टेबलावरची अशी कोणती सूचना आहे ते लिहून कळवलंत तर मसुदा बघून देईन.